हॉल आणि किचनमधली भिंत काढायचीये? आधी इंजिनिअर, मग बीम, मग हातोडा

ताई, परवा तुम्ही घर दाखवलंत आणि म्हणालात की ही मधली भिंत गेली की हॉल आणि किचन एक होईल, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय चार दिवसांचं काम आहे, दोन सहा इंची गर्डर टाकतो आणि फोडून देतो. तिथे उभ्या उभ्या मी नीट समजावू शकलो नाही म्हणून आता सगळं लिहून काढतोय. जुनं रो हाऊस घेऊन पहिल्यांदाच काम काढणाऱ्या बाकीच्यांनाही याचा उपयोग होईल.

तुमचं घर १९८३ चं आहे, तळमजला आणि वर एक मजला, म्हणजे लोड बेअरिंग. त्या काळात पुण्यात रो हाऊस आणि छोटे बंगले बरेचसे असेच बांधायचे, कॉलम नाहीत, वीटकामाच्या ९ इंची भिंती हेच कॉलम आणि स्लॅब थेट त्या भिंतींवर टेकलेला. अशा घरात मधली भिंत नुसती खोल्या वेगळ्या करत नाही, ती वरचं अर्धं घर डोक्यावर घेऊन उभी असते. आता बऱ्याच बिल्डिंगमध्ये फ्रेम असते, कॉलम आणि बीमचा सांगाडा, आणि मधल्या ४ इंची भिंती नंतर भरलेल्या असतात, त्यातली एखादी गेली तरी सांगाड्याला फारसं काही होत नाही. लोकांच्या डोक्यात ही दोन घरं एकच असतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिलं काम: भिंत वजन घेतेय का ते ओळखणं

हे बऱ्यापैकी तुम्ही स्वतः बघू शकता, फक्त शेवटचा निर्णय तुमचा नाही. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. प्लास्टर धरून १० इंचाच्या आसपास भरली तर ९ इंची भिंत, ५ ते ६ इंच भरली तर साडेचार इंची. मग वरच्या मजल्यावर जा आणि बघा की बरोबर याच भिंतीवर वर पण भिंत आहे का, तुमच्याकडे आहे. मग छताकडे बघा, भिंतीच्या वर स्लॅबखाली बीम उतरलेला दिसतो का, तुमच्याकडे दिसत नाही, स्लॅब सरळ भिंतीवर बसलाय. जाड भिंत, वर पण भिंत आणि मध्ये बीम नाही, हे तीन एकत्र आले की ती भिंत वजन घेतेय असंच धरून चालायचं.

पण नुसत्या जाडीवर विश्वास ठेवू नका, दोन्ही बाजूंनी फसायला होतं. जुन्या घरांमध्ये कधी कधी साडेचार इंची भिंतीवर पण स्लॅबचं टोक टेकवलेलं सापडतं. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतले मोठे टॉवर ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये, साइटवर ज्याला मायवान म्हणतात त्यात ओतलेले असतात, तिथे आतल्या बऱ्याच भिंती पातळ दिसल्या तरी काँक्रीटच्या असतात आणि अख्ख्या बिल्डिंगचं वजन त्यांच्यावर असतं. एक छोटं भोक पाडून बघितलं की कळतं, लाल भुगा आला तर वीट, राखाडी आणि ड्रिल पुढे जाईना तर काँक्रीट. काँक्रीटची भिंत निघाली तर विषय तिथेच बंद करायचा, फ्लॅटवाल्याने त्या भिंतीला हात लावायचा नाही.

अजून एक, जुन्या घरात मिक्स प्रकार पण असतो, दोन कोपऱ्यात कॉलम आणि बाकी सगळं भिंतीवर. म्हणून एक कॉलम दिसला म्हणजे फ्रेम आहे असं समजू नका. पालिकेचा मंजूर नकाशा असेल तर तो काढून ठेवा, इंजिनिअरचा अर्धा दिवस वाचतो.

आता वजन किती आहे ते बघू

मी तुमच्या घराची मापं घेतली होती. भिंत १६ फूट लांब, एका बाजूला १२ फुटी हॉल, दुसऱ्या बाजूला १० फुटी किचन. दोन्हीकडचा स्लॅब या भिंतीवर येऊन टेकतो, त्यामुळे हॉलच्या स्लॅबचा अर्धा आणि किचनच्या स्लॅबचा अर्धा भार भिंतीवर येतो असं सोप्या हिशोबासाठी धरू. अर्धा अर्धा मिळून सुमारे ३.३ मीटर रुंद पट्टा झाला.

पहिल्या मजल्याचा ५ इंची स्लॅब एका चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. त्यावर लादी आणि खालचा थर १०० किलो धरा, आणि माणसं, कपाटं, पलंग यासाठी आपला कोड आयएस ८७५ घरांना २०० किलो धरायला सांगतो. झाले ६१० किलो, गुणिले ३.३, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटरवर २ टन. वरच्या मजल्यावरची ९ इंची भिंत प्लास्टरसकट एका मीटरला जवळपास १.४ टन. मग टेरेसचा स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा (हा कोबा लोक हिशोबात विसरतात आणि तो एका चौरस मीटरला २०० किलोपर्यंत सहज जातो), वर चालणारी माणसं, हे सगळं मिळून अजून २.२ टन. बीमचं स्वतःचं वजन थोडं धरलं की प्रत्येक मीटरला ५.७ टन होतात.

१० फूट मोकळं करायचं धरू, म्हणजे ३ मीटर, म्हणजे १७ टन. दहा टायरच्या ट्रकमध्ये जेवढी खडी भरून नेतात जवळपास तेवढं वजन आत्ता ती भिंत गुपचूप खाली जमिनीत पोचवतेय. भिंत काढली म्हणून हे वजन कुठे जात नाही, त्याला दुसरा रस्ता द्यावा लागतो आणि तो रस्ता म्हणजे बीम.

बीम नसला तर नेमकं काय होतं

"स्लॅब तर काँक्रीटचा आहे, तो धरेल की" असं तुमचे मिस्टर म्हणाले होते, बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. आत्ता स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १२ फूट आणि १० फूट असा दोन तुकड्यांत आहे. मधली भिंत गेली की एकच २२ फुटी गाळा होतो. वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १२ चे २२ झाले तर जोर जवळपास सव्वातीन पट होतो, आणि वर भर म्हणून वरच्या मजल्याची भिंत बरोबर मधोमध बसलेली असते. त्यात एक गोष्ट आहे जी कॉन्ट्रॅक्टर सांगत नाही. जुन्या स्लॅबमध्ये भिंतीजवळ आल्यावर एकाआड एक सळई वर वळवलेली असते, कारण भिंतीवर स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो. भिंत काढली की तीच जागा आता स्लॅबचा मधला भाग होते, तिथे ताण खालच्या अंगाला येतो आणि नेमक्या तिथेच खाली निम्म्याच सळ्या आहेत. म्हणजे जिथे लोखंड सगळ्यात जास्त लागणार तिथेच ते सगळ्यात कमी.

मग कोणी म्हणतं, आमच्या शेजाऱ्यांनी बीम न टाकता फोडली आणि पाच वर्षं काही झालं नाही. होतं असं. वीटकामात कमानीसारखा आधार तयार होतो, वरची भिंत स्वतःच्या अंगावर थोडं पेलून धरते, बाजूच्या भिंती थोडं घेतात. पण हा आधार हिशोबातला नसतो, वर कोणी एखादं दार मोठं केलं, टाकी बसवली, टेरेसवर अजून एक थर कोबा टाकला की तो संपतो. आणि भूकंपात तर आडव्या जोराला धरून ठेवणाऱ्या याच भिंती असतात, कोयनेचा १९६७ चा भूकंप पुण्यातपण जाणवला होता हे विसरायला नको.

घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला सिद्धी साई इमारत पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारालाच हात लावल्याचा आरोप ठेवला गेला. तुमचं घर दोनच मजल्यांचं आहे, पण वर झोपणारी माणसं तुमच्याच घरातली आहेत.

सहा इंची गर्डर का चालणार नाही

आता कॉन्ट्रॅक्टरच्या "दोन सहा इंची गर्डर" कडे येऊ. साइटवर ज्याला सहा इंची गर्डर म्हणतात तो बहुतेक आयएसएमबी १५० असतो. ५.७ टन प्रति मीटर आणि टेकण्यासकट ३.३ मीटरचा गाळा धरला तर दोन्ही गर्डरनी भार वाटून घेतला तरी प्रत्येकात येणारा ताण ३९० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटरच्या आसपास जातो. साधं स्ट्रक्चरल लोखंड २५० ला कायमचं वाकायला लागतं, आणि आपण तर त्याच्याही बरंच खाली, १६५ पर्यंतच राहायचं असतं. म्हणजे हे गर्डर टेकू काढल्या काढल्या वाकणार. कॉन्ट्रॅक्टर वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, त्याने कुठेतरी खिडकीवर किंवा ४ फुटी दारावर हे गर्डर टाकले असतील आणि तिथे चालले असतील. इथे वर अख्खा मजला आहे.

माझ्या हिशोबात इंग्रजी सी आकाराचे दोन १० इंची लोखंडी चॅनल, म्हणजे आयएसएमसी २५०, भिंतीच्या दोन्ही अंगांना एक एक, असं बसतं. ताण १२५ च्या आसपास येतो आणि मधोमध झोक, म्हणजे बीम खाली वाकतो तो, साधारण ६ मिलीमीटर. हा झोक पण महत्त्वाचा आहे, कारण लोखंड १५-२० मिलीमीटर वाकूनही तुटत नाही पण त्याच्यावरची विटांची भिंत मात्र तेवढ्यात तडकते, म्हणून नुसता "तुटणार नाही" एवढा बीम पुरत नाही, तो ताठ पण लागतो. हे आकडे तुमच्या घराचे आहेत. शेजारच्या रो हाऊसमध्ये हॉल १४ फुटी असेल किंवा वर अजून एक खोली चढवलेली असेल तर सगळं बदलतं, त्यामुळे कृपा करून हे माप उचलून दुसरीकडे वापरू नका.

बीमची टोकं, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

१७ टन आधी १० फूट लांब भिंतीवर पसरलेले होते, आता ते दोन टोकांवर गोळा होणार, प्रत्येक टोकाला साडेआठ टन. चॅनल भिंतीवर फूटभर टेकवले तर त्यांच्या खालच्या विटांवर एका चौरस सेंटीमीटरला जवळपास १८ किलो येतात. जुन्या वीटकामाला आपण ४ ते ५ किलोच देतो. चौपट झालं, वीट चिरडणार, बीम एका बाजूने बसणार आणि वरच्या मजल्याच्या भिंतीत तिरकी, पायऱ्या पायऱ्यांची भेग येणार.

म्हणून टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा लागतो, साइटवर बेड ब्लॉक म्हणतात. ५ किलोने हिशोब केला तर ९ इंच रुंदीच्या भिंतीत तो अडीच फूट लांब लागतो, आणि भार खालपर्यंत नीट पसरावा म्हणून सव्वा फूट उंच, आत सळ्या. आता तुम्हाला कळेल की मी पूर्ण भिंत काढायला का नाही म्हणालो. तुम्हाला १३ फूट मोकळं हवं होतं, मग दोन्ही बाजूला दीड दीड फूटच भिंत उरली असती, अडीच फुटाचा ठोकळा बसणार कुठे? १० फूट मोकळं ठेवलं तर दोन्हीकडे ३-३ फूट उरते आणि काम वीटकामावरच भागतं. १३ फूटच हवं असेल तर दोन्ही टोकांना स्वतंत्र पाया घेऊन कॉलम उभे करावे लागतील, होतं, पण घर खणावं लागतं आणि खर्च बराच वाढतो.

खालचा पाया पण बघायचा असतो. एका टोकापाशी जोत्याला लागून एक खड्डा घ्यायचा आणि दगडी पाया किती रुंद आहे, किती खोल आहे, खाली मुरूम लागलाय की काळी माती, ते डोळ्यांनी बघायचं. मुरूम असेल तर बहुतेक वेळा निभावतं. काळी माती असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिथे एका जागी साडेआठ टन ठेवण्याआधी पाया रुंद करावा लागतो.

इंजिनिअरकडून काय घ्यायचं

इंटिरिअरवाला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो घरी आला पाहिजे, फोटो बघून "चालेल" म्हणणारा नको. त्याने दोन-तीन जागी प्लास्टर काढून बघावं, वरचा मजला आणि टेरेस बघावी, पायाचा खड्डा बघावा. मग त्याच्याकडून तीन कागद घ्या: भाराचा हिशोब, बीम, बेड ब्लॉक आणि टेकूंचं ड्रॉइंग, आणि काम कुठल्या क्रमाने करायचं ते, सहीसकट. परवानगीसाठी पालिकेच्या बांधकाम विभागात हेच कागद घेऊन जा, आणि सोसायटी असेल तर सोसायटीचं लेखी पत्र आधी. रो हाऊसमध्ये शेजाऱ्यांची भिंत सामाईक असते, त्यांनाही कामाच्या आधी सांगा आणि त्यांच्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, आधीच्या भेगा कुठल्या आणि नंतरच्या कुठल्या हे पुढे कळतं.

काम कसं व्हायला हवं

आधी वरच्या मजल्याचं सामान हलवा, विशेषतः त्या भिंतीला लागून असलेली पुस्तकांची कपाटं, आणि काम संपेपर्यंत त्या दोन खोल्यांत कोणी झोपू नका.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना अडीच-तीन फुटांवर लोखंडी टेकू लावायचे, वर आणि खाली जाड लाकडी फळी, टेकू ओळंब्यात. पण टेकू स्लॅबला धरतात, वरच्या भिंतीला नाही, ती दोन टेकूंच्या रांगांच्या मधोमध बसलेली असते. म्हणून टेकू लावले की सगळी भिंत खुशाल फोडा, असं नसतं, आणि खरी खुबी इथेच आहे: दोन्ही चॅनल बसेपर्यंत भिंतीची अर्धी जाडी कायम उभी ठेवायची.

पहिल्यांदा एका टोकाला कप्पा खोदून बेड ब्लॉक ओता, मग तो घट्ट झाल्यावर दुसऱ्या टोकाला. दोन्ही टोकं एकदम खोदायची नाहीत. किमान ७ दिवस पाणी मारा, आणि पुढचं इंजिनिअर सांगेल तेव्हाच. मग स्लॅबच्या खाली लागून हॉलच्या बाजूने भिंतीत अर्ध्या जाडीची खाच घ्या, ब्रेकरने नाही, कटरने कापून छिन्नीने, कारण ब्रेकरच्या धक्क्याने जुना मसाला सुटतो. पहिला चॅनल आत सरकवा, साधारण ११० किलोचा आहे, चार माणसं लागतात. चॅनल आणि स्लॅब यांच्यामध्ये लोखंडी पाचरी ठोकून राहिलेली फट न आकसणाऱ्या मसाल्याने, म्हणजे ग्राउटने, गच्च भरा. ही फट साध्या सिमेंट-वाळूने भरली तर ती वाळताना आकसते, स्लॅब तेवढा खाली येतो, आणि महिन्याभरात वर लादीत भेग दिसते. चांगला बीम टाकूनही भेगा पडल्या असं जिथे जिथे मी बघितलंय तिथे बहुतेक वेळा ही फटच निघाली.

ग्राउट ३ दिवस सोडा, मग किचनच्या बाजूने दुसरी खाच, दुसरा चॅनल, तीच पाचर, तोच ग्राउट. दोन्ही चॅनल आरपार बोल्टने आवळा म्हणजे ते एकत्र काम करतात. त्यानंतरच खालची भिंत फोडायची, वरून खाली, एक एक थर, आणि राडारोडा रोज बाहेर, वरच्या स्लॅबवर किंवा टेकूंना टेकवून ढीग नको. उरलेल्या तीन तीन फुटांच्या कडा कटरने सरळ कापून घ्या, हातोड्याने ओढल्या तर बेड ब्लॉकखालच्याच विटा हलतात.

टेकू एकदम काढू नका. एक दिवस सगळे थोडे थोडे ढिले करा, मधल्यापासून टोकांकडे, मग रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी बीमखाली दोरी ताणून झोक मोजा. ५-६ मिलीमीटरपर्यंत ठीक. १० च्या वर गेला तर टेकू परत आवळा आणि इंजिनिअरला बोलवा, पेंटरला नाही. लोखंडाला गंजरोधक रंग आणि त्यावर जाळी लावून प्लास्टर किंवा काँक्रीटचं आवरण द्या, किचन आहे, वाफ आणि आग दोन्ही आहे.

पुढचे तीन महिने एवढंच करा: वरच्या भिंतीवर एखादी केसासारखी भेग दिसली तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून तारीख लिहा. ठिपका तडकला तर भेग चालू आहे. वरचं एखादं दार अचानक घासायला लागलं, किंवा बेड ब्लॉकखाली उभी भेग आली, तर लगेच कळवा, थांबू नका.

आणि हे वाचणाऱ्या कोणी आधीच भिंत निम्मी फोडून ठेवली असेल, तर आत्ता आहे तिथे काम थांबवा, वरचा मजला रिकामा करा, भिंतीच्या दोन्ही बाजूंना आणि फोडलेल्या जागेत आजच्या आज टेकू लावून घ्या, ते शटरिंगवाल्याकडे भाड्याने मिळतात, आणि इंजिनिअर येईपर्यंत त्या टेकूंना कोणाला हात लावू देऊ नका.